हायड्रोजनची जोडरेषा आणि केंद्रकाचा विद्युतभार

हायड्रोजनच्या वर्णपटातील ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा साध्या वर्णपटमापकात एकच दिसते. मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ मध्ये ती बारकाईने तपासली, तेव्हा ती जवळजवळ चिकटलेल्या दोन रेषांची निघाली. त्यांच्यातील अंतर नॅनोमीटरच्या सुमारे सत्तराव्या भागाएवढे आहे. ऊर्जापातळ्यांच्या अशा बारीक विभाजनाला सूक्ष्म संरचना म्हणतात.

तिचे कारण इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये आहे. स्पिनची कल्पना उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडली. स्पिनमुळे इलेक्ट्रॉन स्वतः एका सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. तो केंद्रकाभोवती फिरत असल्यामुळे, त्याच्या दृष्टीने पाहिले तर विद्युतभारित केंद्रकच त्याच्याभोवती फिरते आणि चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. स्पिन आणि कक्षीय गती एकाच दिशेच्या असतील तर ऊर्जा किंचित वाढते, विरुद्ध असतील तर घटते. त्यामुळे हायड्रोजनची 2p पातळी दोन पातळ्यांत विभागते. त्यांच्यातील फरक सुमारे ०.००००४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. सरळ हिशेबात तो दुप्पट येत होता. सापेक्षता सिद्धांतामुळे तो निम्मा का होतो, हे थॉमस यांनी १९२६ मध्ये दाखवले.

एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या अणूत केंद्रकाचा विद्युतभार Z पट झाला, की इलेक्ट्रॉन Z पट जवळ येतो आणि त्याची गतीही Z पट होते. विद्युतक्षेत्र भाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ते Z³ पट होते. इलेक्ट्रॉनला जाणवणारे चुंबकीय क्षेत्र हे विद्युतक्षेत्र आणि गती यांच्या गुणाकारावर ठरते, म्हणून विभाजन Z⁴ पट वाढते. हेलियमचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला तर Z = २, म्हणजे 2p पातळ्यांतील फरक सोळापट, सुमारे ०.०००७२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतो.

युरेनियममध्ये Z = ९२. त्याचे ९१ इलेक्ट्रॉन काढले तर या नियमाने विभाजन सुमारे ७ कोटी १६ लाख पट, म्हणजे ३.२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट यायला हवे. प्रत्यक्षात ते सुमारे ४.६ आहे. अशा अणूच्या सर्वांत आतल्या कक्षेत इलेक्ट्रॉनची गती प्रकाशाच्या गतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत जाते. Z⁴ चा नियम मात्र ही गती प्रकाशाच्या तुलनेत अल्प आहे असे धरून काढलेला आहे. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणात असे गृहीत धरावे लागत नाही आणि त्यातून मोजमापाशी जुळणारा आकडा मिळतो.

मूळ पातळ्यांमधील अंतर फक्त Z² पट वाढते. त्यामुळे विभाजनाचे त्या अंतराशी प्रमाणही साधारण Z² पट वाढते. पहिल्या आणि दुसऱ्या पातळीतील अंतराच्या तुलनेत हायड्रोजनमध्ये हे विभाजन सुमारे सव्वादोन लाखांत एक, तर युरेनियममध्ये सुमारे बावीसात एक आहे. म्हणूनच युरेनियमच्या क्ष-किरण वर्णपटात सुमारे ९७.६ आणि १०२.२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या रेषा एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या दिसतात.