मोटारसायकलच्या पेट्रोलची महिन्याची नोंद आणि किलोमीटरचा खर्च

गोठ्यातील खुराकाचा हिशेब बरेच दूध उत्पादक ठेवतात, पण ते दूध केंद्रावर नेणाऱ्या मोटारसायकलचा हिशेब क्वचितच कोणाच्या वहीत सापडतो. 'दोनशेचे टाकले, चार दिवस गेले' एवढ्यावर काम भागवले जाते. त्यावरून गाडी किलोमीटरला किती रुपये खाते हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय लांबच्या केंद्राचा चढा दर खरोखर पदरात पडतो की पेट्रोलमध्ये जातो, हेही ठरवता येत नाही.

यासाठी टाकी फुल ते टाकी फुल ही पद्धत वापरावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला टाकी फुल करून मीटरवरील किलोमीटर लिहून ठेवावेत. या वेळी भरलेले पेट्रोल हिशेबात धरू नये, कारण ते मागच्या महिन्यात जळालेल्या पेट्रोलची भरपाई असते. नेमकी येथेच बहुतेकांची गल्लत होते. आज टाकीत गेलेले लिटर हे पुढच्या प्रवासाचे नसून झालेल्या प्रवासाचे माप असते, हे लक्षात ठेवले की पुढचे सर्व सोपे जाते.

मध्ये पैशाच्या अडचणीमुळे थोडेच पेट्रोल टाकले तरी हरकत नाही. मात्र ते लिहून ठेवावे आणि पुढे कधी टाकी फुल होईल तेव्हा त्यात मिळवावे. पावतीवर लिटर असतातच. पावती नसल्यास दिलेल्या रुपयांना त्या दिवशीच्या दराने भागावे. सूत्रे दोनच आहेत:

ॲव्हरेज = दोन फुल टाक्यांमधील किलोमीटर ÷ त्या दरम्यान भरलेले एकूण लिटर (शेवटची फुल टाकी धरून, पहिली सोडून)

किलोमीटरचा पेट्रोल खर्च = त्याच लिटरचे रुपये ÷ तेच किलोमीटर

उदाहरणादाखल १०० सीसीच्या एका गाडीची जुलै महिन्याची नोंद पाहू. पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये धरला आहे. आपण आपल्या पंपावरचा दर धरावा.

| तारीख | मीटर (कि.मी.) | लिटर | टाकी | ॲव्हरेज |
|---|---|---|---|---|
| १ जुलै | २४,३१० | धरू नये | फुल | सुरुवात |
| ८ जुलै | २४,६०२ | २.८६ | अर्धवट | काढू नये |
| १२ जुलै | २४,७४० | ५.७४ | फुल | ५०.० |
| २२ जुलै | २५,१३० | ७.८० | फुल | ५०.० |
| १ ऑगस्ट | २५,५२२ | ८.९० | फुल | ४४.० |

आठ तारखेला तीनशे रुपयांचे पेट्रोल टाकले होते. त्यामुळे बारा तारखेचे ॲव्हरेज काढताना २.८६ आणि ५.७४ यांची बेरीज ८.६० लिटर घेतली. गाडी ४३० किलोमीटर चालली, म्हणून ॲव्हरेज ५० आले. महिनाभरात एकूण १,२१२ किलोमीटर आणि २५.३ लिटर झाले, म्हणजे सरासरी ४७.९. पेट्रोलचे २,६५६ रुपये ५० पैसे भागिले १,२१२ केल्यास किलोमीटरला २ रुपये १९ पैसे येतात.

मीटर वाचताना एक काळजी घ्यावी. अनेक गाड्यांच्या मीटरवर उजवीकडचा शेवटचा, वेगळ्या रंगाचा आकडा शंभर मीटरचा असतो. तो किलोमीटरमध्ये धरला तर सगळा हिशेब दसपट चुकतो. मीटरची केबल तुटून आकडा थांबला असेल तर तेवढा टप्पा सरळ सोडून द्यावा आणि दुरुस्तीनंतर टाकी फुल करून नव्याने सुरुवात करावी. अंदाजाने आकडा भरण्यात काही अर्थ नाही.

आता शेवटच्या टप्प्याकडे पाहावे. ५० वरून ॲव्हरेज एकदम ४४ वर आले. असे दिसताच गाडी मेस्त्रीकडे नेण्याची घाई करू नये. 'फुल' म्हणजे किती, हे दर वेळी सारखे नसते. गाडी साईड स्टँडवर तिरकी उभी असली किंवा पंपावरची नळी लवकर बंद झाली, तर टाकीत अर्धा लिटर सहज कमी जातो. समजा, २२ जुलैला असेच अर्धा लिटर कमी गेले. मग त्या टप्प्याचे खरे लिटर ८.३० आणि नंतरच्या टप्प्याचे ८.४० होतात, आणि दोन्ही ॲव्हरेज ४७ च्या आसपास येतात. म्हणजे एका अपुऱ्या भरण्याने एक टप्पा फुगला आणि पुढचा खाली गेला. म्हणून शंका आल्यास लगतच्या दोन टप्प्यांचे किलोमीटर व लिटर एकत्र करून भागावे. येथे ७८२ भागिले १६.७ म्हणजे ४६.८ येतात. ही घट पहिल्या दिसण्यापेक्षा बरीच लहान आहे, पण ती आहे.

हा फरक टाळण्यासाठी शक्यतो एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथेच थांबावे. झाकणापर्यंत काठोकाठ भरू नये. उन्हात पेट्रोल फुगून बाहेर येते.

पुढच्या दोन टप्प्यांतही ॲव्हरेज ४७ च्या खालीच राहिले तर कारण शोधावे. प्रथम टायरमधील हवा थंड असताना तपासावी. नंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. चाक मोकळे न फिरता लगेच थांबत असेल तर ब्रेक घासत आहे किंवा चेन जास्त ताणलेली आहे. धुळीच्या शेतरस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर माहिती पुस्तिकेत दिलेल्या मुदतीआधीच चोंदतो, तोही काढून पाहावा. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या ॲव्हरेजशी मात्र तुलना करू नये. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे गाडीत दोष नसतानाही ॲव्हरेज थोडे उतरते.

पेट्रोलखेरीज ऑईल, टायर, चेनसेट, ब्रेक लायनर यांचा खर्चही किलोमीटरनुसार वाढतो. वर्षभराच्या पावत्या जपून त्यांच्या बेरजेला वर्षाच्या किलोमीटरने भागावे. वरील गाडीसाठी वर्षाला ७,००० रुपये आणि १४,००० किलोमीटर धरल्यास ५० पैसे येतात. एकूण खर्च किलोमीटरला २ रुपये ६९ पैसे झाला. विमा आणि गाडीचा घसारा यात धरलेला नाही. गाडी दारात उभी राहिली तरी विम्याचा हप्ता चुकत नाही आणि घसारा बराचसा वयानेच होतो. नवी गाडी घ्यावी का, हे ठरवताना मात्र दोन्ही धरावेत.

आता मूळ प्रश्न. समजा, गावातील केंद्रापेक्षा ९ किलोमीटरवरील शीतकरण केंद्र लिटरला ३ रुपये जास्त देते. जाऊन-येऊन १८ किलोमीटर, म्हणजे एका खेपेला ४८ रुपये ४२ पैसे. खेपेला १२ लिटर दूध नेले तर जास्तीचे मिळतात ३६ रुपये. म्हणजे दर खेपेला १२ रुपयांहून अधिक तोटा, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याला सुमारे साडेसातशे रुपये. दुधाच्या बिलावर हा तोटा दिसत नाही, कारण तेथे फक्त चढा दर छापलेला असतो.

४८ रुपये ४२ पैशांना ३ ने भागल्यास १६ लिटरपेक्षा थोडे जास्त येते. म्हणजे खेपेला १७ लिटर असतील तरच ही फेरी परवडते. शेजाऱ्याचे ५ लिटर सोबत घेतले, किंवा येताना पेंडीचे पोते आणायचेच असल्याने ती फेरी तशीही होणार असेल, तर गणित बदलते. त्यासाठी वहीत तारखेपुढे फेरी कशासाठी झाली याचा एक रकाना आखून ठेवावा. केवळ दुधासाठी झालेल्या फेऱ्या किती, हे महिनाअखेर त्यातून मोजता येईल.