मॆड आणि मेड : आपल्याच आवाजाची तपासणी

सुलतान बाजार, कोठी, काचीगुडा या परिसरात व्यवसाय करणाऱ्या मराठी डॉक्टरांच्या जुन्या पिढीचे काम बव्हंशी दक्खनीवर भागत असे. आज जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी तरुण माता आपल्या बाळाचे दुखणे तेलुगूतच सांगते आणि उत्तरही तेलुगूतच अपेक्षिते. आपण बहुतेकांनी ही भाषा परिचारिकांकडून व रुग्णांकडून कानाने उचलली आहे. ती कामापुरती उत्तम येते. तथापि तिच्यात एक दोष असा राहून जातो की, तो वीस-वीस वर्षे बोलणाऱ्यालाही जाणवत नाही. तो शोधण्याची एक साधी रीत येथे मांडत आहे.

तेलुगूत ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ अशा दोन रूपांत येतात आणि त्यांना लिपीत स्वतंत्र अक्षरे आहेत. संस्कृतात हे स्वर दीर्घच मानले गेले. मराठीतही त्यांच्या लांबीने शब्दाचा अर्थ बदलत नाही. ऱ्हस्वासाठी देवनागरीत ‘ऎ’ व ‘ऒ’ अशी चिन्हे आहेत, परंतु नेहमीच्या लेखनात ती कोणी वापरत नाही. त्यामुळे आपण वहीत तेलुगू वाक्ये टिपून घेतली, की हा भेद तेथेच लोपतो. ‘नॆल’ म्हणजे महिना आणि ‘नेल’ म्हणजे जमीन. ‘मॆड’ म्हणजे मान आणि ‘मेड’ म्हणजे माडी. “पापकु ऎन्नि नॆललु?” म्हणजे बाळ किती महिन्यांचे, हा आपला रोजचा प्रश्न. त्यातला ‘ए’ लांबवला, तर आपण बाळाला किती जमिनी आहेत असे विचारतो.

मातेला प्रसंगावरून अर्थ कळतो आणि ती निमूटपणे उत्तर देते. दोष टिकून राहण्याचे मुख्य कारण हेच! कोणी चूक दाखवत नाही, आणि काम अडत नाही. मात्र प्रसंग नेहमीच मदतीला येईल असे नाही. “मॆड मीद दॆब्ब तगिलिंदि” म्हणजे मानेवर मार लागला. “मेड मीद दॆब्ब तगिलिंदि” म्हणजे माडीवर असताना मार लागला. दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत आणि पडलेल्या मुलाच्या बाबतीत दोन्ही संभवनीय आहेत. पहिल्या वाक्यानंतर आपण त्याची मान हलू न देण्याची दक्षता घेऊ. दुसऱ्यानंतर किती उंचीवरून पडला, हे आधी विचारू. ज्याच्या उच्चारात हा भेद नाही, त्याच्या कानातही तो बहुधा नसतो.

याचे मूळ बालपणात आहे. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद ओळखू शकत होती; वर्षाच्या अखेरीस ती क्षमता बरीच ओसरलेली आढळली. घरच्या भाषेला जो भेद लागत नाही, तो कान हळूहळू सोडून देतो. प्रौढपणी तो परत आणता येतो, पण नुसते ‘लक्ष देऊन ऐका’ म्हणून नव्हे; कारण बोलताना आपण स्वतःचा उच्चार ऐकण्यापेक्षा आपल्या मनातला शब्दच ऐकत असतो. म्हणून ध्वनिमुद्रण हवे.

प्रथम आदर्श निवडावा. वृत्तनिवेदकाची ग्रांथिक तेलुगू नको. आपले रुग्ण जशी बोलतात तशी बोलणारी, मातृभाषा तेलुगू असलेली एखादी सहकारी व्यक्ती तिच्या संमतीने घ्यावी. रुग्णांचे संभाषण मुद्रित करू नये. शब्द सुटे न घेता एकाच चौकटीत घ्यावेत, कारण सुटा शब्द माणूस सहज लांबवतो. “इप्पुडु मॆड चूडंडि” (आता मान पाहा) आणि “इप्पुडु मेड चूडंडि” (आता माडी पाहा) अशी जोडी पुरेशी आहे. प्रत्येक वाक्य पाच वेळा, क्रम उलटसुलट करून म्हणावे.

येथे एक पथ्य महत्त्वाचे. आपले मुद्रण आदर्श ऐकण्यापूर्वी करावे. आधी ऐकले, तर आपण तात्पुरती नक्कल करतो आणि दोष झाकला जातो. त्यानंतर आदर्श ऐकून पुन्हा मुद्रण करावे. तिसऱ्या वेळी, आठवड्याने, वाक्ये समोर न ठेवता एखाद्या काल्पनिक रुग्णाची हकिकत दोन मिनिटे तेलुगूत सांगावी व तिच्यात हे शब्द येऊ द्यावेत. नकलेत नाहीसा होणारा पण हकिकतीत परतणारा दोष सवयीचा समजावा. नकलेतही राहणारा दोष बहुधा कानाचा असतो. त्याला आधी ऐकण्याचा सराव हवा.

तुलना कानावर सोपवू नये, कारण तोच येथे संशयित आहे. अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोअर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली Praat ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. मोबाइलवरील मुद्रण WAV स्वरूपात करून तिच्यात उघडावे व View & Edit निवडावे. ‘म’ संपून लहरी अचानक मोठ्या होतात तेथून, ‘ड’साठी जीभ टेकून त्या खचतात तेथपर्यंतचा भाग निवडला, की त्याची लांबी पडद्यावर दिसते. मोजण्यासाठी ‘मॆड’ घेण्याचे कारण हेच. ‘नॆल’मध्ये स्वर आणि ‘ल’ यांची सीमा इतकी स्पष्ट नसते.

समजा, आदर्श मुद्रणात ‘मॆड’चा स्वर सरासरी ८० मिलिसेकंद आणि ‘मेड’चा १६० आला, आपल्या मुद्रणात ते १३० व १४० आले. आकडे थेट ताडू नयेत, कारण प्रत्येकाच्या बोलण्याची गती निराळी. गुणोत्तर पाहावे. आदर्शात दीर्घ स्वर ऱ्हस्वाच्या दुप्पट आहे. आपल्यात एक दशांशानेही अधिक नाही. याचा अर्थ आपण दोन्हींसाठी एकच मराठी ‘ए’ वापरत आहोत. उपायही त्यातूनच दिसतो : दीर्घ स्वर ताणण्यापेक्षा ऱ्हस्व आखडायला हवा. ‘नॊप्पि’सारख्या शब्दात मात्र पुढील जोडव्यंजनामुळे शब्द ओळखू येतो, तेथे घाई नाही. जेथे केवळ स्वरावर अर्थ अवलंबून आहे, तेथून आरंभ करावा.

शेवटची कसोटी माणसाचीच. आपली दहा वाक्ये सरमिसळ करून, मुद्रण न ऐकलेल्या तेलुगू भाषकाला ऐकवावीत. “उच्चार बरोबर आहे का?” असे विचारू नये, सौजन्याने “बागुंदि” हेच उत्तर येईल. “मान म्हटले की माडी?” एवढेच विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. दहापैकी पाच-सहा जुळली, तर ते केवळ नशीब. नऊ-दहा जुळू लागली, की भेद उच्चारात उतरला असे समजावे.

या रीतीला मर्यादा आहेत. ती लांबी मोजते. वाक्याचा हेल किंवा बोलण्यातील आदर मोजत नाही. आपल्या तेलुगूला मराठी छटा राहिली तरी बिघडत नाही. मानेच्या जागी माडी मात्र येऊ नये, आणि समोरच्या मातेने मान म्हटले की माडी, हे पुन्हा विचारण्याची वेळ कमी यावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप.