परस्वाधीन ताटाचा हिशेब

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव आणि अवसरी या गावांत शिक्षणासाठी येऊन राहिलेल्या तरुणांपैकी काही घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या वसतिगृहांत असतात, काही महाविद्यालयांच्या वसतिगृहांत, आणि पुष्कळसे महिन्याचे पैसे आगाऊ भरून एखाद्या खानावळीत दोन वेळा जेवतात. या सर्वांची परिस्थिती एका बाबतीत सारखी आहे, ती ही की चूल त्यांच्या ताब्यात नाही. यावरून असा एक समज रूढ झाला आहे की, घरी परत जाऊन आपल्या मर्जीचा स्वयंपाक सुरू होईपर्यंत अंगावरचा मेद कमी करण्याचा विचारच व्यर्थ होय. वस्तुस्थिती अशी की, भाजीत तेल किती पडावे हे आचारी ठरवितो, परंतु त्या भाजीचा कोणता भाग व किती प्रमाणात आपल्या ताटात यावा, तिच्यासोबत पोळ्या किती घ्याव्या आणि जेवणाच्या बाहेर काय खावे, हे बव्हंशी जेवणाराच ठरवितो. आणि मेदाची वृद्धी वा क्षय हा अखेर दिवसभरातील एकूण उष्मांकांच्या, म्हणजे ज्यांस आपण सामान्यतः कॅलरी म्हणतो त्यांच्या, जमाखर्चावर अवलंबून असतो.

हा जमाखर्च एका उदाहरणाने स्पष्ट करू. एकवीस वर्षांचा, १७० सेंटिमीटर उंचीचा आणि ८२ किलो वजनाचा, दिवसाचा बराच काळ वर्गात बसून काढणारा एक विद्यार्थी कल्पनेत घ्या. त्याचे वजन आहे तसे टिकण्यास दररोज सुमारे २४०० उष्मांक लागतात. सकाळी पोह्यांची एक बशी म्हणजे सुमारे ३७०. दिवसाकाठी तीन वेळा दूधसाखरेचा चहा म्हणजे २४०. दुपारी तेल लावलेल्या चार पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि एक मूद भात मिळून सुमारे १०७०. आणि रात्री तीन पोळ्या, तर्रीदार उसळ व भात मिळून ९००. एकूण बेरीज २५८० भरते. गरजेपेक्षा हा आकडा अवघ्या १८० उष्मांकांनी अधिक आहे, परंतु एक किलो मेदात सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात हे ध्यानी घेतले म्हणजे, या किरकोळ वाटणाऱ्या अधिकतेतून महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वजन कसे चढते हे उमगते.

आता हा विद्यार्थी जो पहिला उपाय योजतो तो म्हणजे रात्रीचे जेवण बंद करणे, कारण रात्री खाल्लेले सर्व अंगी लागते असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. कागदावर त्याचे ९०० उष्मांक वाचतात. पण साडेदहाच्या सुमारास, अभ्यासाला बसल्यावर, पोटात कालवाकालव सुरू होते आणि पावले बसस्थानकापाशी असलेल्या गाडीकडे वळतात. तेथील दोन वडापाव म्हणजे सुमारे सहाशे उष्मांक आणि सोबत एक चहा. दिवसाची बेरीज पुन्हा २३६० वर जाऊन पोहोचते, म्हणजे वजन आहे तेथेच राहते. मात्र जी उसळ त्याच्या स्नायूंना आवश्यक प्रथिने देणार होती ती ताटातून गेलेली असते आणि खानावळीला आगाऊ भरलेले पैसेही वाया गेलेले असतात. घड्याळातील वेळेपेक्षा दिवसाची बेरीज अधिक महत्त्वाची आहे. रात्री आठ वाजता पंगतीला बसून मोजके जेवणारा मनुष्य उपाशी झोपण्याचा निश्चय करून तो मोडणाऱ्यापेक्षा निःसंशय अधिक सुरक्षित असतो.

दुसरा गैरसमज तेलाविषयीचा आहे, आणि माझ्या मते खानावळीच्या जेवणात हाच सर्वांत अधिक नुकसान करतो. पोळी आणि भात हे मेदाचे मूळ, आणि भाजी व रस्सा मात्र कितीही चालतात, अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु पीठ, तांदूळ व डाळ यांच्या कोरड्या ग्रॅममागे सुमारे साडेतीन उष्मांक असतात, तर तेलाच्या एका ग्रॅममागे नऊ. चहाचा एक चमचा तेल म्हणजे चाळीस उष्मांक, आणि तर्रीदार भाजीच्या एका वाटीत असे तीन-चार चमचे सहज उतरतात. पन्नास-साठ माणसांची भाजी एका पातेल्यात करताना आचाऱ्याला चव आणि रंग यांसाठी तेलाचाच आधार घ्यावा लागतो, आणि तर्री नसेल तर गिऱ्हाइकांचीच तक्रार येते. तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच की, तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते आणि डाळ व कडधान्य तळाशी बसते. वरच्यावर बुडवलेली पळी तर्री आणते. तर्री पळीच्या पाठीने बाजूस सारून तळाशी घातलेली पळी मटकी आणते. वाढप्याला “दादा, तर्री नको, खालची उसळ द्या” एवढे सांगण्यास कोणतीही लाज वाटण्याचे कारण नाही. वाढपी ऐकत नसेल, तर वाटी दोन मिनिटे तशीच ठेवावी, तेल वर येऊन कडेला जमा झाले की चमच्याने काढावे, अथवा कोरडी भाजी ताटाच्या उताराच्या वरच्या बाजूस ओढून घ्यावी म्हणजे तेल खाली निथळते. याच न्यायाने पोळीला वरून तेल न लावण्याची विनंती करावी. पोळ्या तव्यावरून उतरतानाच ती केल्यास बहुधा मान्य होते.

भात बंद करून भाकरी सुरू केली की चरबी झडते, हा समज पूर्वपट्ट्यातील बाजरी खाणाऱ्या गावांत विशेष लोकप्रिय आहे. आणि त्यामुळे पश्चिमेकडील डोंगरी भागातून, जेथे भात हेच मुख्य अन्न आहे, तेथून आलेल्या मुलांना उगाच अपराध्यासारखे वाटू लागते. बाजरी, गहू व तांदूळ यांच्या समान वजनातील उष्मांकांत फारसा फरक नाही. बाजरीत तंतू अधिक असल्याने पोट अधिक वेळ भरलेले राहते, हा तिचा खरा गुण. परंतु हातावर थापलेल्या एका मोठ्या भाकरीला दोन पोळ्यांइतके पीठ लागते, हे विसरून तीन भाकऱ्या खाणारा फसतो. भात सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो, ते बहुतांशी पाणी असते. यकृतात व स्नायूंत साठलेल्या शर्करेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, आणि तो साठा उतरला की पाणीही जाते. भात पुन्हा सुरू होताच ते परत येते, आणि आपला सारा प्रयत्न फुकट गेला असे त्या बिचाऱ्याला वाटते.

उपवासाविषयी येथे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. लेण्याद्री व ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने जुन्नर तालुक्यातच असल्याने संकष्टी चतुर्थीचा उपवास या भागात मोठ्या निष्ठेने होतो, आणि त्या दिवशी अनेक ठिकाणी सकाळपासून साबुदाण्याची खिचडी मिळते. उपवास म्हणजे आपोआप अल्पाहार, अशी कल्पना असते. पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तीन चमचे तेल पडले की खिचडीची एक भरलेली बशी सुमारे साडेपाचशे उष्मांकांची होते आणि प्रथिने जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात, तीही मुख्यतः दाण्यांतून. दुपारी एक बशी, सायंकाळी साबुदाणावडे आणि चंद्रोदयानंतर पूर्ण जेवण, असा क्रम झाला तर तो दिवस महिन्यातील सर्वांत जड दिवस ठरतो. व्रताला बाध न आणता वरईचा भात, शेंगदाण्याची पातळ आमटी, उकडलेले रताळे, ताक व एखादे फळ घेता येते, आणि खिचडीच घेणे भाग पडल्यास अर्धी बशी घेऊन तिच्यासोबत दही घ्यावे.

राहता राहिला प्रथिनांचा प्रश्न. डब्यातील भुकटी विकत घेतल्याखेरीज खानावळीच्या जेवणात प्रथिने मिळत नाहीत, असे व्यायामशाळांत सर्रास सांगितले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसास दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात, म्हणजे आपल्या विद्यार्थ्याला सुमारे अडुसष्ट ग्रॅम. वजन उतरवीत असताना स्नायू टिकावेत म्हणून याहून काहीशी अधिक असणे हितकर. आता त्याचे ताट नव्याने मांडून पाहू. सकाळी अर्धी बशी पोहे आणि बाहेरून आणलेली दोन उकडलेली अंडी. दुपारी वरून तेल न लावलेल्या दोन पोळ्या, निथळलेली भाजी, तळाचे घट्ट वरण दोन वाट्या, अर्धी मूद भात आणि एक वाटी दही. सायंकाळी मूठभर फुटाणे. रात्री दोन पोळ्या, तर्री काढलेली उसळ, अर्धी मूद भात आणि एखादी काकडी वा टोमॅटो, जो नारायणगावच्या बाजारामुळे या भागात दुर्मीळ नाही. शिवाय कमी साखरेचा चहा दोन वेळा. ही बेरीज सुमारे १९०० उष्मांकांवर येते आणि प्रथिने सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतात. दररोजची पाचशेची ही तूट आठवड्याला अर्ध्या किलोहून किंचित कमी मेद उतरविते. जो अंडी खात नाही त्याने एक वाटी उसळ आणि एक पेला दूध वाढवावे व त्या प्रमाणात एक पोळी कमी करावी.

या मांडणीला रविवारी सायंकाळी धोका असतो, कारण दुपारी मासवडीचा वा रश्श्याचा बेत करून बऱ्याच खानावळी संध्याकाळी बंद राहतात. त्या वेळेसाठी फुटाणे, दूध, केळी व उकडलेली अंडी यांची तजवीज दुपारीच करून ठेवावी. सोमवारी सकाळी काटा किलोभर वर गेलेला दिसला तर तो मसालेदार जेवणातील मिठाने धरून ठेवलेल्या पाण्याचा परिणाम समजावा. म्हणून वजन दर आठवड्यास एकाच वारी, शक्यतो गुरुवारी किंवा शुक्रवारी, सकाळी काही न खाता करावे, आणि बेंबीच्या पातळीवर कमरेचे मापही नोंदवावे.

हा सर्व विचार ज्याचा देहभार खरोखर अधिक आहे त्याच्यासाठी आहे. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक भारतीयांच्या बाबतीत २३ च्या खाली असेल, तर सामान्यतः वजन उतरविण्याचे प्रयोजन नसते. वसतिगृहांतील पुष्कळ मुली व डोंगरी भागातून आलेली मुले मुळातच कृश व रक्ताने कमी असतात, आणि शेजारच्या खोलीतील मैत्रिणीचे पाहून त्यांनी ताटातील अन्न कमी करणे सरळसरळ अपायकारक आहे. अठरा वर्षांखालील मुलांनी, तसेच मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, वैद्यांच्या सल्ल्याखेरीज असा फेरफार करू नये. इतरांनी मात्र सलग तीन आठवडे वजन व कंबर दोन्ही स्थिर राहिल्यास प्रथम बाहेरचे खाणे आणि चहातील साखर तपासावी, नंतर तर्री, आणि त्यानंतरच एक पोळी कमी करावी. वरण व उसळ यांना हात लावू नये.