गुरू आठवा आला म्हणून लग्न थांबवायचं का?

आमच्या गटातल्या एका ताईच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगी वृश्चिक राशीची. नातेवाईक म्हणाले, "गुरू आठवा आहे, जूनपर्यंत थांबा." तेव्हा आम्ही पंचांग घेऊन बसलो.

गुरू बारा राशींची फेरी साधारण बारा वर्षांत पुरी करतो, म्हणजे एका राशीत जवळपास वर्षभर राहतो. १४ मे २०२५ ला तो मिथुनेत आला. मधे ऑक्टोबरात कर्केत डोकावला, वक्री झाला आणि ५ डिसेंबरला परत मिथुनेत आला. म्हणून "वर्षभर" हे ढोबळच समजा. येत्या २ जूनला तो पुन्हा कर्केत जाईल.

गुरुबळ पाहायचं ते जन्मराशीवरून. जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता, ती आपली रास. तिथून गुरूच्या राशीपर्यंत मोजायचं, पण आपली रास एक धरून. चूक होते ती इथेच. वृश्चिक एक, धनू दोन, मकर तीन, कुंभ चार, मीन पाच, मेष सहा, वृषभ सात, मिथुन आठ. धनूपासून मोजायला लागलं तर सातवा येतो आणि वाईटाचा चांगला होतो! दुसरा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा गुरू चांगला मानतात. पहिला, तिसरा, सहावा, दहावा पूजा करून चालतो. चौथा, आठवा, बारावा अनिष्ट.

म्हणजे नातेवाइकांचा हिशेब बरोबर होता. जूनमध्ये गुरू नववा होतो, तोही चांगला. पण यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यात लग्न होत नाही. त्यानंतर आपल्या वाशीमकडे सोयाबीनच्या पेरणीची घाई. तेव्हा मांडव कोण घालणार? आणि जुलैत चातुर्मास लागतोच.

गुरुजींना विचारलं, तर त्यांनी वेगळीच गोष्ट सांगितली. गुरुबळाचा नियम मुलींची लग्नं आठ-दहा वर्षांच्या वयात होत, त्या काळचा. दहा वर्षं ओलांडलेल्या मुलीला ही अट नाही, असं जुन्या मुहूर्तशास्त्रातच आहे. आज अठराच्या आत लग्न करणं हा गुन्हा आहे. मग हा नियम लागतो कुणाला?

आणखी एक. नाव ठेवताना काढलेली रास आणि हाकेच्या नावाची रास पुष्कळदा वेगळी असते. जन्मवेळ नीट नोंदलेली नसली, तर रासही चुकू शकते. आणि खरं सांगायचं तर बारातला एक माणूस एकाच राशीचा. त्या सगळ्यांचे संसार एका वर्षात सारखेच बिघडत नाहीत, हे आपण गावातच पाहतो.

ताईच्या सासूबाईंचं मन मात्र राहिना. मग हरभऱ्याची डाळ आणि पिवळं वस्त्र देऊन गुरूची पूजा करायचं ठरलं. लग्न वैशाखात, अधिक महिना लागायच्या आत आहे.