एक पट्टा आडवा, एक उभा

काही पिठाच्या गिरण्यांत मोटर आणि जाते यांच्यामध्ये एक मधला शाफ्ट असतो. तो दोन बेअरिंगांवर टेकतो आणि त्यावर दोन पुल्या बसतात. मोटरचा पट्टा आडवा येतो, जात्याचा सरळ खाली उतरतो. मग कोणत्या बेअरिंगवर किती भार, आणि कुठल्या दिशेने?

बेअरिंगांमधले अंतर 1 मीटर धरू. मोटरची पुली डाव्या बेअरिंगपासून 0.4 मीटरवर आहे आणि तिची त्रिज्या 0.2 मीटर. जात्याची पुली उजव्या बेअरिंगच्या बाहेर, डावीकडून 1.25 मीटरवर, त्रिज्या 0.15 मीटर. मोटरच्या पट्ट्यात ताण 900 आणि 300 न्यूटन, जात्याच्या पट्ट्यात 1000 आणि 200.

पट्ट्याची ढिली बाजूही ओढतेच. त्यामुळे शाफ्ट फिरवतो तो दोन ताणांतला फरक. बेअरिंगवर येते ती त्यांची बेरीज. फरक आधी तपासावा: 600 × 0.2 आणि 800 × 0.15, दोन्ही 120 न्यूटन-मीटर. हे जुळले नाही तर शाफ्ट एका वेगाने फिरणारच नाही. बेरीज दोन्हीकडे 1200 न्यूटन.

आता x शाफ्टच्या दिशेने, y वर आणि z मोटरकडे. डाव्या बेअरिंगभोवती मोमेंट घेतले की तिथली अज्ञात बले गळून पडतात, कारण त्यांचे अंतर शून्य. उजव्या बेअरिंगची बले By आणि Bz. प्रत्येक बलासाठी अंतर आणि बल यांचा सदिश गुणाकार करायचा:

```
1i × (By j + Bz k) = By k - Bz j
0.4i × 1200k       = -480 j
1.25i × (-1200j)   = -1500 k
```

बेरीज शून्य, म्हणून By = 1500, Bz = −480. मग बलांच्या बेरजेवरून डावीकडे Ay = −300 आणि Az = −720.

खरी गंमत Ay च्या उणे चिन्हात आहे. बाहेर लटकलेली पुली शाफ्टचे डावे टोक वर उचलू पाहते आणि बेअरिंगला ते खाली दाबून धरावे लागते. म्हणजे या दिशेत भार ब्लॉकच्या वरच्या टोपीवर आणि बोल्टांवर येतो. ‘शाफ्ट बेअरिंगवर बसलेला असतो’ असे गृहीत धरणारा इथे हमखास फसतो.

दुसरी चूक बेरजेची. 300 आणि 720 काटकोनात आहेत, म्हणून डावीकडचा भार 1020 नव्हे, वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे 780 न्यूटन. उजवीकडे तो सुमारे 1575. शाफ्ट-पुल्यांचे वजन यात धरलेले नाही. पुली जड बिडाची असेल तर ते y दिशेत मिळवावे.

जात्याचा पट्टा घसरतो म्हणून दोन्ही ताण 200 न्यूटनने वाढवले, तर फरक तोच राहतो, दळण एका दाण्यानेही वाढत नाही. उजव्या बेअरिंगवरचा भार मात्र सुमारे 2057 न्यूटन होतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे ते निम्म्याहूनही कमी उरते.