स्लॅबच्या हिशेबाचा एक मेल

‘सर, पहिल्या मजल्याच्या स्लॅबचं क्वांटिटी शीट जोडलं आहे. कृपया तपासावं.’ एवढाच मेल आला, तर सीनियर काय तपासणार? बेरीज-गुणाकार एक्सेलने बरोबरच केलेले असतात. चूक असते ती आकडे कुठून घेतले आणि काय गृहीत धरलं त्यात. ते मेलमध्येच लिहिलेलं असलं, तर पाच मिनिटांत दिसतं.

एक उदाहरण घेऊ. स्लॅब बाहेरून बाहेर १२ बाय ९ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर. जिन्याची मोकळी जागा ४.५ बाय २.४ मीटर, ती वजा केली. उरलं ९७.२ चौरस मीटर, म्हणजे १२.१५ घनमीटर काँक्रीट. बीमची एकूण लांबी ७० मीटर, रुंदी २३० आणि खोली ४५० मिलिमीटर. नवा इंजिनिअर सरळ गुणाकार करतो आणि ७.२५ घनमीटर लिहितो. एकूण १९.४०.

गफलत इथे आहे. ड्रॉइंगमधली ४५० ही खोली स्लॅबच्या वरच्या पृष्ठापासून मोजलेली असते. तिच्यातले वरचे १२५ मिलिमीटर स्लॅबमध्ये आधीच मोजले गेले आहेत. स्लॅबखाली बीम उरतो ३२५ मिलिमीटर, त्याचं काँक्रीट ५.२३ घनमीटर. खरी बेरीज १७.३८. दोन घनमीटर दोनदा मोजले गेले होते.

म्हणून मेलमध्ये असं लिहावं: ‘सर, स्लॅब बीमच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजला आहे. बीमची खोली पूर्ण ४५० धरली आहे. बरोबर आहे का? वेस्टेज २ टक्के धरलं आहे. ड्रॉइंग आर-२ वापरलं आहे.’ ‘पूर्ण ४५०’ वाचताच सीनियर थांबतील. ड्रॉइंगची आवृत्तीही लिहायलाच हवी. जिना सरकवलेलं नवं ड्रॉइंग ऑफिसात आणि जुनं साइटवर, असं सर्रास होतं.

दुरुस्त आकड्यात २ टक्के मिळवले की १७.७३ होतात. आरएमसीच्या सहा घनमीटरच्या तीन गाड्यांत, १८ मध्ये, हे बसतं असं वाटतं. पण सेंटरिंग थोडं दबून स्लॅब सरासरी ५ मिलिमीटर जाड झाला, तर आणखी जवळपास अर्धा घनमीटर लागतो आणि काँक्रीट कमी पडतं. पुढची गाडी येईपर्यंत आधीचं काँक्रीट घट्ट होऊ लागलं, तर कोल्ड जॉइंट पडतो आणि पुढे तिथूनच गळती सुरू होऊ शकते. अनुभवी माणसं शेवटच्या गाडीचं माप आधी पक्कं करत नाहीत. ओतकाम संपत आलं की उरलेला भाग टेपने मोजून प्लांटला कळवतात. मात्र जादा गाडी मिळेल का, हे प्लांटला आदल्या दिवशीच विचारलेलं असतं.

तेव्हा हा मेल आरएमसीचं बुकिंग करण्यापूर्वी पाठवा, आणि ज्या गृहीतकाबद्दल शंका आहे ते सगळ्यात वर लिहा.