एक माठ, चार प्रश्न : ‘विधान आणि कारण’ प्रश्न कसे रचावेत

प्रवेशपरीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत ‘विधान आणि कारण’ या नावाचे प्रश्न तुम्ही पाहिले असतील. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा २०१९ साली शेवटची झाली. तिच्यात या प्रश्नांना मोठे स्थान होते. आता ‘नीट’मध्ये आणि केंद्रीय मंडळाच्या परीक्षांतही ते येतात. एक विधान दिलेले असते, त्याखाली एक कारण दिलेले असते, आणि पुढील चारांपैकी एक पर्याय निवडायचा असतो :

(अ) दोन्ही सत्य, आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे.
(आ) दोन्ही सत्य, पण कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण नाही.
(इ) विधान सत्य, कारण असत्य.
(ई) विधान असत्य, कारण सत्य.

हे प्रश्न सोडवण्याचा सराव सगळेच करतात. पण एखाद्या घटकावर असा प्रश्न स्वतः रचून पाहिला, तर त्या घटकातले आपल्याला किती कळले आहे हे फार लवकर उघड होते. म्हणून आज आपण ‘बाष्पीभवन’ हा घटक घेऊन असे चार प्रश्न तयार करू. साहित्य म्हणून घरातला पाण्याचा माठ पुरे आहे.

प्रथम वही घेऊन मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे घटकातल्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टी लिहा आणि उजवीकडे त्यामागचे नियम. डावीकडे येईल : माठातले पाणी गार होते, कोरड्या हवेत ते अधिक गार होते, ओले कपडे पावसाळ्यात लवकर वाळत नाहीत. उजवीकडे येईल : बाष्पीभवन होताना द्रव आपल्या उरलेल्या भागातून उष्णता घेतो, पाण्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा मोठा असतो, कोरड्या हवेत बाष्पीभवन अधिक वेगाने होते. आता कोणत्या नियमापासून कोणत्या गोष्टीकडे बाण जातो ते दाखवा. बाण जिथे जातो तिथे (अ)चा प्रश्न तयार होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असून बाण जात नाही, तिथे (आ)चा प्रश्न तयार होतो. खरी कसोटी या दुसऱ्या प्रकारात आहे.

माठ गार का होतो ते थोडक्यात पाहू. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून बाहेरच्या पृष्ठभागावर येते आणि त्याची वाफ होते. आपल्याकडच्या उन्हाळी तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती सगळी माठातल्या पाण्यातून आली असे धरले, तर तेवढ्याने ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होईल. मात्र हे गार होणे अमर्याद नसते. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला, तर त्याचा पारा ज्या अंशावर स्थिरावतो, त्याच्या खाली माठातले पाणी जात नाही.

आता पनवेल आणि नागपूर यांची तुलना करू. पनवेल खाडीकाठी आहे, त्यामुळे मे महिन्यातही हवा दमट असते. समजा, पनवेलला हवेचे तापमान ३४ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के आहे. ओल्या फडक्याचा तापमापक तेव्हा सुमारे २८.५ अंश दाखवील. म्हणजे माठातले पाणी फार तर साडेपाच अंशांनी गार होईल. समजा, नागपूरला तापमान ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के आहे. तेथे तोच तापमापक सुमारे २४ अंश दाखवील. म्हणजे मर्यादा १८ अंशांची झाली.

यावरून कोणीही घाईने विधान लिहील : ‘नागपूरला माठातले पाणी पनवेलपेक्षा अधिक गार होते.’ हे विधान परीक्षेत चालणार नाही. ‘अधिक गार’ म्हणजे काय? पाण्याचे शेवटचे तापमान कमी, की हवेच्या तुलनेत झालेली घट जास्त? माठ नेहमी आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचतोच असे नाही. नागपूरच्या माठातले पाणी ४२ वरून ३० अंशांवर थांबले आणि पनवेलच्या माठातले ३४ वरून २९.५ वर आले, तर घट नागपूरला जास्त आहे, पण गार पाणी पनवेलचे आहे. शिवाय नागपूरची हवा मे महिन्यात कोरडी असते हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे गुण भूगोलाच्या अज्ञानामुळे जातील. प्रश्न तर भौतिकशास्त्राचा आहे. म्हणून स्थानिक माहिती विधानातच द्यावी आणि कारणात फक्त नियम ठेवावा. सुधारलेले विधान असे होईल :

विधान : वारा सारखाच असताना, मे महिन्यातील नागपूरच्या कोरड्या हवेत माठातले पाणी हवेच्या तापमानापेक्षा जितक्या अंशांनी गार होते, तितक्या अंशांनी ते पनवेलच्या दमट हवेत होत नाही.

या एकाच विधानाला आपण तीन वेगवेगळी कारणे जोडू.

पहिले कारण : कोरड्या हवेत बाष्पीभवन अधिक वेगाने होते. हे सत्य आहे आणि विधानाचे स्पष्टीकरणही आहे. उत्तर (अ).

दुसरे कारण : पाण्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा मोठा असतो. हेही सत्य आहे आणि त्याचा माठाशी संबंधही आहे. पुष्कळ विद्यार्थी येथे (अ) लिहितात. पण विधान पुन्हा वाचा. माठ गार का होतो, हे विधान सांगत नाही. दोन ठिकाणी तो सारखा गार का होत नाही, हे ते सांगते. अप्रकट उष्मा नागपूरला मोठा आणि पनवेलला लहान असतो काय? नाही, पाणी दोन्हीकडे तेच आहे. जी गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखी आहे, ती त्या दोन ठिकाणांतल्या फरकाचे कारण होऊ शकत नाही. उत्तर (आ).

हा नियम नीट लक्षात ठेवा : विधानात तुलना असेल, तर कारणातही फरक असला पाहिजे. याची उलटतपासणी करण्याची सोपी रीत अशी. कारणात सांगितलेली गोष्ट तशी नसती, तर विधान बदलले असते का, असे स्वतःला विचारा. पाण्याचा अप्रकट उष्मा आहे त्याच्या निम्मा असता, तरी दोन्ही माठ कमी गार झाले असते, पण नागपूरचा माठ पुढेच राहिला असता. विधान टिकले असते. उलट, बाष्पीभवनाचा वेग हवेच्या कोरडेपणावर अवलंबून नसता, तर विधानाचा आधारच गेला असता. दोन वाक्यांमध्ये ‘कारण की’ घालून वाचण्याची रीत शिकवली जाते, पण ती येथे पुरी पडत नाही. ‘कारण की’ घातले तरी दुसरे कारण कानाला ठीकच लागते.

तिसरे कारण : हवेत बाष्प जास्त असेल तर बाष्पीभवन अधिक वेगाने होते. हे असत्य आहे. उत्तर (इ). असत्य वाक्य रचताना एखादा आकडा फिरवणे किंवा मुद्दाम ‘नाही’ घालणे सोपे असते, पण त्यातून फक्त वाचनाची परीक्षा होते. खरोखर डोक्यात असलेली चुकीची समजूत वाक्यात आणली पाहिजे. ‘दमट हवा ओली, म्हणून माठ गार’ अशी समजूत पुष्कळांची असते. हे वाक्य तिची परीक्षा घेते.

(ई)साठी विधान बदलावे लागेल :

विधान : माठाला बाहेरून तैलरंगाचा जाड थर दिला, तर त्यातले पाणी अधिक गार होते.
कारण : बाष्पीभवन होताना द्रव आपल्या उरलेल्या भागातून उष्णता घेतो.

तैलरंगाने छिद्रे बुजतात, पाझर थांबतो, म्हणून विधान असत्य. कारण मात्र सत्य आहे. येथे कारण म्हणून ‘छिद्रे बुजली की बाष्पीभवन मंदावते’ असे लिहिले असते, तर त्यानेच विधानाचे बिंग फोडले असते.

आणखी एक अडचण शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. समजा विधान असे आहे : ‘माथेरानला उघड्या भांड्यात डाळ शिजण्यास पनवेलपेक्षा जास्त वेळ लागतो.’ माथेरान सुमारे ८०० मीटर उंच आहे. तेथे पाणी साधारण ९७.५ अंशांना उकळते. आता ‘उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते’ हे कारण दिले, तर उत्तर निःसंशय (अ). पण ‘उंचीवर हवेचा दाब कमी असतो’ असे दिले तर? कमी दाबामुळे उत्कलनांक उतरतो आणि त्यामुळे डाळ सावकाश शिजते, अशी ही साखळी आहे. एक विद्यार्थी मधली कडी मनात धरून (अ) म्हणेल. दुसरा, कडी दिलेली नाही म्हणून (आ) म्हणेल. दोघांनाही विषय कळलेला आहे. म्हणून कारण हे विधानाला लागून असलेल्या कडीचेच द्यावे. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ गुण वजा होतो. अशा संदिग्ध प्रश्नात सारखेच ज्ञान असलेल्या दोघांत ५ गुणांचे अंतर पडते.

चौथ्या पर्यायाकडेही आधी पाहून घ्या. काही परीक्षांत तो ‘विधान असत्य, कारण सत्य’ असा असतो, तर काहींत ‘दोन्ही असत्य’ असा. पर्यायांची यादी न पाहता प्रश्न रचला, तर त्याला उत्तरच नसण्याचा संभव असतो.

प्रश्न तयार झाला की तो वर्गात द्यावा आणि उत्तरांबरोबर एका ओळीत खुलासाही लिहून घ्यावा. कच्ची मुले चुकली तर त्यात नवल नाही. पण ज्यांचा घटक पक्का आहे तीच मुले (अ) आणि (आ) यांत विभागली गेली आणि दोघांचे खुलासे बरोबर निघाले, तर दोष प्रश्नात आहे असे समजून तो पुन्हा लिहावा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. विधान : १०० अंशांच्या १ ग्रॅम वाफेने, १०० अंशांच्या १ ग्रॅम पाण्यापेक्षा जास्त भाजते. कारण : वाफेचे रेणू सर्व दिशांना मुक्तपणे फिरतात. उलटतपासणी करून उत्तर ठरवा आणि मगच पुढची ओळ वाचा.

उत्तर (आ). रेणूंचे फिरणे खरे आहे. पण जास्त भाजण्याचे कारण, त्या वाफेचे पाणी होताना बाहेर पडणाऱ्या सुमारे ५४० कॅलरी हे आहे.